साडी अडते ब्लाऊजपाशी

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या भागातल्या महिला मंडळाने मला थोडा वेळ बोलायला बोलावलं. मी शिवणकाम करते. त्यातही नवं शिवण्यापेक्षा जुनं उसवून सैल करणं, फॉल बदलणं, फाटलेलं वाचवणं अशीच कामं माझ्याकडे जास्त येतात. म्हणून विषय मीच सुचवला : नवी साडी घ्यायला बाहेर पडण्याआधी स्वतःच्या कपाटात खरेदी कशी करायची. मी तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, कपाटात नेसण्याजोगं काही असतं तर दुकानात कशाला गेलो असतो?"

सगळ्या हसल्या, पण काकूंचं म्हणणं खरंच होतं. कपाट गच्च भरलेलं असतं आणि तरी नेसायला काही नसतं. साडी असते, ती नेसता येत नसते. मग एकेका साडीचं नेमकं काय अडलंय, तेवढंच शोधायचं. बहुतेक वेळा ती अडलेली असते ब्लाऊजपाशी. साडीला माप नसतं. पंचविशीत घेतलेली साडी पंचावन्नाव्या वर्षीही तितकीच पुरते. ब्लाऊज मात्र चार-सहा वर्षांत काखेत करकचू लागतो. एकदा हूक लागला नाही की ती जोडी मागच्या कप्प्यात जाते. तिच्यावर दुसरी साडी येते, तिच्यावर आहेराचा खोका, आणि दोन दिवाळ्यांनंतर ती साडी आपल्याकडे आहे हेच आपण विसरतो.

दुकानदार काय करतो ते आठवून बघा. पांढरी गादी, वरून भरपूर उजेड, आणि साडी तुमच्यापुढे टाकताना तो आधी पदर उलगडतो. घरी आपण साडीची फक्त घडीची कड पाहतो, तीही कपाटाच्या अंधारात. म्हणून घरातही गादी मांडायची. कोरड्या हवेचा दिवस घ्यावा, पावसाळ्यातला नको. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरायची, खिडकी उघडायची आणि फक्त साड्या बाहेर काढायच्या. ड्रेस, चादरी, मुलांचे कपडे त्या दिवशी हात लावायचे नाहीत, नाहीतर संध्याकाळी पलंगावर डोंगर राहतो आणि सगळं पुन्हा कोंबलं जातं. प्रत्येक साडीचा पदर पूर्ण उघडायचा आणि तिचा ब्लाऊज अंगात घालून बघायचा. नुसता अंगाला लावून नाही. हूक लावून, हात वर करून.

मंडळातल्या एका वहिनींच्या भाच्याचं लग्न होतं, मे महिन्यात, सांगलीला. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन आणि नंतरची सत्यनारायणाची पूजा असे पाच प्रसंग, म्हणून पाच साड्या घ्यायचा त्यांचा बेत होता. "माझ्याच कपाटावर दाखव ना," असं त्यांनी म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. तिथे जे झालं तेच इथे सविस्तर सांगते, कारण त्यांचं कपाट तुमच्या-माझ्या कपाटाहून फार वेगळं नव्हतं.

पहिली निघाली मोरपंखी पैठणी. साडी उत्तम होती. ब्लाऊज ३६चा होता आणि वहिनींना आता ४० लागतं. त्यांनी तो बाजूला ठेवायला घेतला, तेव्हा मी तो उलटा केला. ब्लाऊज बाद करण्याआधी तो उलटा करून बघायचाच. चांगला शिंपी दोन्ही बाजूंच्या शिवणीत कापड राखून ठेवतो. आम्ही त्याला माया म्हणतो. या ब्लाऊजला इंचभर माया होती. शिवण टिकायला त्यातली पाव इंच ठेवायची आणि पाऊण इंच सोडायची. एका बाजूच्या शिवणीत पुढचं आणि पाठीचं असे दोन थर असतात, दोन बाजूंचे मिळून चार. प्रत्येक थरातून पाऊण इंच सुटलं की घेर तीन इंचांनी वाढतो. म्हणजे ३६चा ब्लाऊज ३९ झाला. राहिलेला एक इंच पुढच्या हुकपट्टीला त्याच रंगाची पट्टी जोडून निघाला.

इथे बायका एक गोष्ट विसरतात : बाही. छाती सैल केली आणि बाही तशीच ठेवली तर ब्लाऊज दंडात आवळतो आणि काखेत सुरकुत्या पडतात. बाहीला एकच शिवण आणि दोन थर, त्यामुळे तेवढ्याच मायेतून तिथे दीड इंच मिळतो. शिंप्याकडे देताना "बाहीसकट सैल करा" असं स्पष्ट सांगावं.

माया सोडण्याआधी मात्र कापड तपासायचं. काखेखालचं रेशीम घामाने आधी जातं. तो भाग उजेडासमोर धरायचा आणि दोन अंगठ्यांनी हलकेच ताणायचा. बारीक करकर ऐकू आली किंवा विणीत फटी दिसल्या, तर ते कापड ताण सोसणार नाही. सैल करून दिलं तरी पहिल्याच पंगतीत, वाढायला वाकल्यावर, फाटेल. तिथे त्या ब्लाऊजचा नाद सोडावा. आणखी एक : मायेतलं कापड इतकी वर्षं झाकलेलं असतं, त्यामुळे ते बाहेर आलं की बाजूला गडद पट्टा दिसतो आणि जुन्या टाक्यांची भोकं रेशमावर राहतात. पदराखाली डावी बाजू झाकली जाते, उजवी थोडी दिसते. वहिनींना ते चाललं. ज्यांना चालत नाही त्यांनी विरुद्ध रंगाचा नवा ब्लाऊज शिवावा. तेही नव्या साडीपेक्षा स्वस्तच पडतं.

पैठणीची दुसरी तक्रार होती काठाची. खालचा काठ टाचेपाशी घासून विरला होता. फॉल आतून जपतो, तरी काठाची कड जमिनीला लागतेच. तेव्हा मी साडी पूर्ण उघडली आणि उलटी बाजू पाहिली. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरचे मोर, वेली रंगीत धाग्यांचे वेढे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागे धागे लोंबत नाहीत आणि नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखीच दिसते. अशी साडी उलटून नेसता येते. वरचा काठ खाली येतो, पदर पदराच्याच जागी राहतो, आणि विरलेला काठ कमरेला खोचला जातो. फक्त फॉल उसवून दुसऱ्या काठाला, दुसऱ्या बाजूने लावायचा. काठही दोन्हीकडून सारखेच असतील तरच हे करावं. यंत्रमागावरच्या साडीत मागे धाग्यांचं जाळं दिसतं. तिथे हा उपाय नाही. वहिनींची हातमागाची निघाली. लग्नाची साडी ठरली.

फॉलबद्दलही बोलते, कारण साड्या मागे पडण्याचं ते दुसरं मोठं कारण आहे. फॉल सुती असतो. न धुता लावला तर साडीच्या पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठ चुण्या पडल्यासारखा गोळा होतो. मग निऱ्या नीट पडत नाहीत, बाई म्हणते "ही साडी मला शोभत नाही" आणि ठेवून देते. दोष फॉलचा असतो. तो उसवून, नवा फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावला की काठ पुन्हा सरळ पडतो. आमच्याकडे फॉल-पिकोला शंभर-दीडशे रुपये पडतात. वहिनींकडे अशी एक फिकट गुलाबी चंदेरी होती. चंदेरी विरळ असते, आतल्या परकराचा रंग वर उमटतो. तिच्याखाली त्या पांढरा परकर घालत, तो उठून दिसे. साडीच्याच रंगाचा परकर घातल्यावर प्रश्न मिटला. मेच्या उकाड्यात हळदीला यापेक्षा हलकं काय मिळणार? हळदीचे डाग पडले तर, ही शंका त्यांनी काढली. ती रास्तच आहे, पण तिथे तर नवी कोरी साडी आणखीच नको.

यानंतर आहेराच्या साड्यांचा कप्पा. प्रत्येक घरात तो असतो आणि खरी दुकानातली खरेदी तिथे होते, कारण त्या साड्या कोऱ्या असतात. खोक्यात, घडी न मोडलेल्या, फॉल नाही, ब्लाऊज पीस जोडलेलाच. काही तर तीन घरं फिरून आलेल्या असतात आणि खोक्यावर दुसऱ्याच्याच लग्नातली चिठ्ठी सापडते. वहिनींकडे अशा सहा होत्या. पाच त्यांच्या आवडीच्या नव्हत्या; त्या देण्याघेण्यासाठी वेगळ्या ठेवल्या, म्हणजे लग्नात द्यायच्या आहेराचाही काही खर्च वाचला. सहावी वांगी रंगाची, बारीक काठाची रेशमी होती. ती आवडली, पण ब्लाऊज पीस जेमतेम ८० सेंटिमीटर निघाला. वहिनींना कोपरापर्यंत बाही हवी होती आणि ४०च्या मापाला तेवढ्यात ती बसत नव्हती. फॉल-पिकोचं दुकान सवयीने आधी पीस कापून हातात देतं. म्हणून पाठवण्याआधी पीस मोजायचा, आणि कमी पडत असेल तर साडीच्या खोचायच्या टोकातलं वीतभर कापड त्यालाच जोडून कापायला सांगायचं. साडेपाच मीटरच्या साडीत एवढं गेलेलं कळत नाही. उंच किंवा अंगाने भरलेल्या बाईने मात्र आधी नेसून बघावं. तिला ती वीत लागते. ही साडी सीमांतपूजनाची झाली.

पूजेसाठी इरकल सापडली, सासूबाईंची. तिचा लाल पदर अंगाच्या कापडाला विणतानाच वेगळ्या उभ्या धाग्यांनी जोडलेला असतो, हे इरकलचं वैशिष्ट्य. त्या जोडावर ताण येतो, म्हणून आधी तोच बोटांनी चाचपायचा. जोड मजबूत होता. पदराचा लाल रंग अंगाला लागेल अशी भीती वाटली, म्हणून पदराच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहिलं. त्याला लाली आली. म्हणजे ही साडी बादलीत भिजवायची नाही. ब्लाऊज पार गेला होता. पण वहिनींच्या कपाटात हळदीकुंकवाच्या ओटीत आलेल्या कापडांची उशीएवढी चळत होती. त्यातलं बरंचसं पातळ, चकचकीत, शिवायच्या लायकीचं नसलेलं. त्यात गुळेदगुड्डचा एक अस्सल खण निघाला. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून तो मोठ्या मापाला एकटा पुरत नाही. पाठीला आणि बाहीच्या काठाला खण आणि पुढे साधं 'टू बाय टू' लावलं. इरकलीवर खण जसा दिसायला हवा तसाच दिसला.

आणि मग तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसह, वहिनींच्या स्वतःच्या लग्नातला शालू. रिसेप्शनला हाच नेसायचा असं त्यांच्या मनात होतं. मी तो खिडकीसमोर धरला. घडीच्या दोन रेघांवर उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की जड जरीच्या ओझ्याने रेशीम त्या रेघेवर विरतं. जरीही काळवंडली होती. जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या दमटपणाने ते आणखी लवकर होतं. कुणी अशी जरी लिंबाने, चिंचेने किंवा टूथपेस्टने घासायला सांगेल. करू नका. तांबूस चमक येते ती वरचा मुलामा निघून गेल्याची असते, आणि रेशमाची हानी होते ती वेगळीच.

चिरा पडलेल्या साडीचं काय करायचं हे चिरा कुठे आहेत यावर ठरतं. खोचायच्या टोकाला असतील तर तेवढा भाग कापावा. एखादी चीर असेल तर रफू होतो. पण अंगभर घडीच्या रेघांवर असतील तर रफू करणारा कितीही कसबी असला तरी उपयोग नाही; एक चीर बांधली की शेजारची उघडते. हा शालू तसाच होता. वहिनींना वाईट वाटलं, आणि मलाही तो वाचवता आला असता तर बरं वाटलं असतं. पण पदर आणि त्याला लागून मीटर-सव्वा मीटर कापड शाबूत होतं. त्याला मागून सुती अस्तर लावलं, वरच्या कडेला पट्टी शिवली आणि भाच्याच्या लग्नातला अंतरपाट झाला. उरलेल्या काठाच्या ओटीच्या पिशव्या झाल्या. अस्सल जरीच्या जुन्या साड्या चांदीसाठी विकत घेणारेही फिरतात. विकायची तर आधी खराब भाग कुठला आणि चांगला कुठला ते बघून मग विकावी. बोहारणीला भांड्यासाठी घालण्याआधीही तेच.

शालू हातात असतानाच साठवणीचं दोन वाक्यांत सांगितलं. रेशीम जुन्या मलमलच्या धोतरात किंवा सुती साडीत गुंडाळावं, वर्षातून दोन-तीनदा घडी बदलून नवी घडी वेगळ्या जागी घालावी. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नये. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी चालते. अत्तर साडीवर मारू नये.

म्हणजे पाचपैकी चार प्रसंग कपाटातून निघाले. रिसेप्शनची साडी उरली, आणि ती वहिनींनी विकत घेतली. माझ्या बोलण्यात ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण कपाटातली खरेदी म्हणजे कधीच काही घ्यायचं नाही अशी शपथ घेणं नव्हे. फरक असा पडला की त्या दुकानात गेल्या तेव्हा त्यांना काय हवंय हे ठाऊक होतं. पैठणी मोरपंखी, चंदेरी गुलाबी, आहेराची वांगी, इरकल काळी. म्हणजे नवी साडी पिवळ्या किंवा विटकरी छटेतली, संध्याकाळच्या दिव्यात उठून दिसणारी आणि मेमध्ये अंगावर जड न होणारी हवी. पर्समध्ये त्यांनी कपाटातल्या एका जरीच्या ब्लाऊजचा तुकडा ठेवला होता, कारण तो ब्लाऊज सुस्थितीत होता आणि त्याची साडी कधीच गेली होती. त्या ब्लाऊजवर जाईल अशीच साडी त्यांनी घेतली. नवा ब्लाऊज शिवायची गरज पडली नाही, आणि दुकानातून त्या तासाभरात बाहेर आल्या.

मंडळातलं बोलणं संपल्यावर एकीने विचारलं, "पण एवढा वेळ कुणाला आहे?" सगळं कपाट एका दिवशी करायला कुणीच सांगत नाही. एका दुपारी एक कप्पा. ज्या साडीचं काही काम निघेल तिच्यावर टाचणीने चिठ्ठी लावायची : "बाही सैल", "फॉल बदल", "परकर हवा". चिठ्ठी न लावता घडी घालून परत ठेवली की ती साडी पुन्हा दोन वर्षं हरवली म्हणून समजा. चिठ्ठ्यांच्या साड्या एकत्र, एकाच पिशवीत, दारामागे. आत कपाटात नाही.

वहिनींचा शिंप्याचा सगळा खर्च, म्हणजे पैठणीचा ब्लाऊज सैल करणं, दोन नवे ब्लाऊज, तीन फॉल आणि अंतरपाट, एका बऱ्यापैकी रेशमी साडीच्या किमतीच्या आत बसला. वेळ मात्र तीन आठवडे लागला. तेव्हा एवढी विनंती करते : दिवाळी किंवा घरचं लग्न असेल तर हे काम महिनाभर आधी काढा. सणाच्या आधीचे पंधरा दिवस शिंपी नवं कामच घेत नाहीत, आणि सैल करून द्यायचं काम तर सगळ्यांत शेवटी ठेवतात, कारण त्यात त्यांना पैसे कमी आणि उसवत बसणं जास्त. आमच्यातलं हे गुपित मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते आहे.